६४० रुपये अडकले कुठे? बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनी ऑपरेशन्स, सपोर्ट आणि कंटेंटच्या नोकरीची तयारी कशी करावी

किराण्याच्या एका ॲपवर कुणीतरी ६४० रुपयांची ऑर्डर देतं. यूपीआयने पैसे खात्यातून जातात, पण ऑर्डर 'पेंडिंग'वरच थांबते. ग्राहक चॅटवर लिहितो, ‘पैसे गेले, सामान कुठे आहे?’ त्याला उत्तर देणारा माणूस सपोर्टमधला. ते ६४० रुपये कंपनीकडे आले की नाही, हे ऑर्डरची यादी आणि पैशांची यादी समोरासमोर ठेवून शोधणारा ऑपरेशन्समधला. आणि रोज असे दहा ग्राहक तोच प्रश्न विचारतात म्हणून ॲपच्या मदतीच्या पानावर चार ओळींत उत्तर लिहून ठेवणारा कंटेंटमधला. ॲप बांधणारा इंजिनिअर या तिघांहून वेगळा, आणि या तिघांच्या खुर्चीसाठी त्याची पदवी लागत नाही.

लागतं ते हे: दोन याद्या जुळवता येणं, नीट वाचून नेमकं उत्तर देणं, आणि अवघड गोष्ट सोपी करून लिहिणं. निवडीच्या चाचण्यांतही साधारण हेच तपासतात. म्हणून या लेखात ही ६४० रुपयांची एकच तक्रार धरून तिन्ही टेबलांची तयारी कशी करायची ते पाहू. त्यानंतर अर्ज, मुलाखतीचा दिवस आणि हातात पडणारा पगार.

जाहिरात वाचताना

आधी शोधायचं काय ते ठरवा, कारण ही कामं एका नावाने येत नाहीत. ऑपरेशन्सच्या जागा ‘बॅक ऑफिस एक्झिक्युटिव्ह’, ‘प्रोसेस असोसिएट’, ‘केवायसी अनॅलिस्ट’, ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ अशा नावांनी निघतात. सपोर्टमध्ये तीन प्रकार आहेत: फोनवर बोलायचं असेल तर व्हॉइस, फक्त चॅट आणि ईमेल असेल तर नॉन-व्हॉइस, आणि बहुतेक वेळ लिहून पण अधूनमधून फोन करायचा असेल तर सेमी-व्हॉइस. नोकरीच्या संकेतस्थळावर शोधताना ही इंग्रजी नावं तशीच टाका: `non voice process`, `back office`, `chat support`, `Marathi customer support`. नुसतं `fresher jobs Pune` टाकलं की विक्रीच्या जागांचा ढीग येतो.

पात्रतेच्या ओळीत `Any Graduate` असेल तर बी.ए. आणि बी.कॉम. दोन्ही चालतात. काही जाहिरातींत ‘बी.ई., बी.टेक. पात्र नाहीत’ असंही स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण इंजिनिअर या कामात टिकत नाही असा कंपन्यांचा अनुभव असतो. मोठ्या आयटी कंपन्यांच्या बीपीएस, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची ऑफिसची कामं करून देणाऱ्या, विभागांत कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या पदवीधरांसाठी वेगळी भरती होते. टीसीएसची अशी भरती महाविद्यालयांतून बऱ्याच जणांना माहीत असते.

जाहिरातीतलं काम मात्र नावावरून ओळखू नका. खालची कामाची यादी वाचा. ‘कस्टमर सपोर्ट’ या नावाखाली ‘टार्गेट’, ‘लीड’, ‘कन्व्हर्जन’, ‘आउटबाउंड कॉल’ हे शब्द दिसले तर ते विक्रीचं काम आहे. विक्री करायची असेल तर जरूर अर्ज करा, पण सपोर्ट समजून जाऊ नका. खऱ्या सपोर्टच्या जाहिरातीत ‘टिकेट’, ‘क्वेरी’, ‘टीएटी’ म्हणजे उत्तराला दिलेली मुदत, ‘एस्कलेशन’ म्हणजे प्रकरण वरच्याकडे पाठवणं, असे शब्द असतात. ऑपरेशन्सच्या जाहिरातीत ‘रिकन्सिलिएशन’ किंवा बोलण्यातला ‘रेको’ हमखास सापडतो. बी.कॉम.वाल्यांनी तो शब्द पाहून खूश व्हावं. बँक जुळवणी पत्रक तुम्ही परीक्षेत सोडवलेलं आहे, हे तेच आहे, फक्त ओळी जास्त आणि हत्यार एक्सेल.

ऑपरेशन्स: दोन याद्या जुळवणं

सरावासाठी बाजारातला कोर्स लागत नाही. एक्सेल नसेल तर गूगल शीट्समध्ये फुकट होतं. एका फाइलमध्ये दोन शीट करा. पहिलीचं नाव `Orders`. तिच्या A स्तंभात ORD1001 ते ORD1050 असे ५० ऑर्डर क्रमांक आणि B स्तंभात रक्कम. दुसरीचं नाव `Payments`, तिथेही A मध्ये ऑर्डर क्रमांक आणि B मध्ये प्रत्यक्ष आलेले पैसे. पहिली ओळ दोन्हीकडे शीर्षकाची.

आता पहिल्या शीटमध्ये चार रकमा ठरवून ठेवा: ORD1008 ला ४८०, ORD1017 ला ६४०, ORD1033 ला ९१० आणि ORD1041 ला ९५० रुपये. उरलेल्या ४६ ऑर्डरना मनाला येतील ते आकडे द्या, फक्त त्यांची बेरीज ३९,६२० करा. म्हणजे ऑर्डरची एकूण रक्कम ४२,६०० होईल. हेच सगळं दुसऱ्या शीटमध्ये उतरवा आणि मग तिथे मुद्दाम गडबड करा. ORD1017 आणि ORD1033 या दोन ओळी काढून टाका. ORD1008 ची ओळ दोनदा लिहा. ORD1041 समोर ९५० ऐवजी ५७० टाका. शेवटी ORD1005, ORD1022 आणि ORD1046 या क्रमांकांच्या मागे एकेक मोकळी जागा सोडा, म्हणजे स्पेस बार एकदा दाबा. ती डोळ्यांना दिसणार नाही. खऱ्या फायलींतही ती दिसत नाही.

आता `Payments` मध्ये ४९ ओळी आहेत आणि बेरीज ४१,१५० आहे. वरवर पाहिलं तर ५० ऑर्डर, ४९ पेमेंट, १,४५० रुपये कमी. घाईत असलेला उमेदवार लिहितो, ‘एका ऑर्डरचे १,४५० रुपये आले नाहीत.’ आणि चाचणीतून बाहेर पडतो. एक ओळ कमी दिसते ती दोन गायब आणि एक जास्तीची म्हणून. १,४५० हा तर चार वेगवेगळ्या गोष्टींचा एकत्र परिणाम आहे.

जुळवायला सुरुवात साफसफाईपासून करा. `Payments` च्या C स्तंभात क्रमांकामागची मोकळी जागा काढून घ्या:

```
=TRIM(A2)
```

मग `Orders` च्या C स्तंभात त्या ऑर्डरचे एकूण किती पैसे आले ते मागवा, आणि D मध्ये फरक काढा:

```
=SUMIF(Payments!C:C,A2,Payments!B:B)
=C2-B2
```

सूत्रं खालपर्यंत ओढली की D स्तंभात फक्त चार ठिकाणी शून्य नसलेला आकडा उरतो. ORD1008 समोर ४८० जास्त, ORD1017 समोर ६४० कमी, ORD1033 समोर ९१० कमी, ORD1041 समोर ३८० कमी. या चौघांची बेरीज उणे १,४५०. वर जो एकूण फरक दिसला होता तोच. ही शेवटची ताडून पाहण्याची पायरी कधीही सोडू नका. सापडलेल्या फरकांची बेरीज एकूण फरकाइतकी आली नाही, तर काहीतरी अजून लपलेलं आहे.

इथे बहुतेक जण `VLOOKUP` वापरतात, कारण क्लासमध्ये तेच शिकवलेलं असतं. ते सूत्र यावंच, मुलाखतीत विचारतात. पण या कामात त्याची एक खोड आहे. ते पहिली जुळणारी ओळ दाखवून थांबतं. ORD1008 चे पैसे दोनदा आलेत हे त्याला दिसतच नाही. मोकळ्या जागा काढून `VLOOKUP` ने हीच फाइल जुळवली आणि न सापडलेल्या ऑर्डरना शून्य धरलं, तर १,९३० रुपये कमी असल्याचं उत्तर येतं, आणि प्रत्यक्ष फरक १,४५० असतो. मधले ४८० त्या दुसऱ्या ओळीत बसलेले असतात. `SUMIF` सगळ्या ओळींची बेरीज घेतं म्हणून दुप्पट पेमेंट लगेच उघडं पडतं. मुलाखतीत ‘तुम्ही `VLOOKUP` का नाही वापरलं?’ असं विचारलं तर हे दोन वाक्यांत सांगता यायला हवं.

`TRIM` न लावता एकदा करून बघा. शून्य पैसे आलेल्या ऑर्डर दोनऐवजी पाच दिसतील. त्यातल्या तीन खोट्या. नवीन माणूस अशा वेळी तीन ग्राहकांना ‘तुमचे पैसे आले नाहीत’ असा निरोप पाठवून मोकळा होतो, आणि ग्राहक बँकेचा पुरावा घेऊन भांडायला येतो. आणखी एक दुखणं म्हणजे आकडा दिसतो पण एक्सेलला तो अक्षर वाटतो. तो चौकटीत डावीकडे चिकटलेला असतो, बऱ्याचदा कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असतो, आणि `SUMIF` त्याला न सांगता वगळतं. अशा चौकटीवर `VALUE` लावून त्याचा खरा आकडा करून घ्यावा लागतो. वेबपानावरून उतरवलेल्या यादीत कधी वेगळ्या जातीची मोकळी जागा असते. तिला `TRIM` हात लावत नाही. `TRIM` लावूनही जुळत नसेल तर दोन्ही क्रमांकांची लांबी `LEN` ने मोजा, फरक तिथे दिसेल.

उलट बाजूनेही एकदा पाहा. `Payments` मधला एखादा क्रमांक `Orders` मध्ये नाहीच, असं होऊ शकतं, आणि वरच्या सूत्राला ते कळत नाही. `COUNTIF` ने तिकडून मोजलं की शून्य आलेली ओळ सापडते. आपल्या फाइलमध्ये अशी एकही नाही, पण चाचणी देणारा ती हमखास पेरतो.

आता आकडे सापडले, पण काम संपलेलं नाही. चार फरकांची चार कारणं असतात आणि चारही ठिकाणी पुढची कृती वेगळी असते. समजा ORD1008 मध्ये ग्राहकाने ‘पे’ दोनदा दाबलं आणि दोन्ही व्यवहार झाले, तर ४८० रुपये परत करायचे. ORD1041 मध्ये ३८० रुपयांची वस्तू शिल्लक नव्हती म्हणून ते आधीच परत गेले, तर काही करायचं नाही, फक्त परताव्याची नोंद पाहून घ्यायची. ORD1033 घरपोच रोखीची ऑर्डर चुकून ऑनलाइनच्या यादीत आली, तर यादी दुरुस्त करायची. राहिली ORD1017. तिथे पैसे ग्राहकाकडून निघाले पण कंपनीपर्यंत आले नाहीत, आणि माणूस वाट बघत बसलाय. अहवालात पहिली ओळ तिचीच हवी.

अहवाल पाच ओळींचा पुरतो: एकूण ऑर्डर, एकूण जमा, फरक, फरकाची चार कारणं रकमेसह, आणि प्रत्येकासमोर कुणी काय करायचं. चाचणीत तो बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. आकडा आणि कारण एका वाक्यात बसलं पाहिजे एवढंच.

सपोर्ट: उत्तर लिहिणं

आता तीच ORD1017 दुसऱ्या टेबलावरून बघू. ग्राहकाचा मेसेज असा आहे: ‘१२ तारखेला ६४० कापले. ऑर्डर नाही. तिसऱ्यांदा लिहितोय. पैसे द्या नाहीतर पोलिसात जातो.’

चाचणीत बहुतेक उमेदवार हे लिहितात: ‘प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली समस्या संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. लवकरच निराकरण करण्यात येईल.’ भाषा शुद्ध आहे, पण माणसाच्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. पैसे कुठे आहेत, कधी येतील, तोवर मी काय करू, हे तीनही तसेच राहिले. असं उत्तर गेलं की चौथा मेसेज येतो. कंपनी मोजते ते हेच, एक प्रकरण पुन्हा किती वेळा उघडलं.

उत्तर लिहिण्याआधी माहिती गोळा करा. दुकानदाराला यूपीआयने पैसे देताना ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला पावती मिळाली नाही, तर ती व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी क्रमांक असतो. तो मिळाला की बँकेकडे शोध घेता येतो. एवढं हाताशी आलं की उत्तर असं होतं:

‘नमस्कार. तुमच्या ORD1017 या ऑर्डरचे ६४० रुपये अजून आमच्याकडे जमा झालेले नाहीत, म्हणून ऑर्डर पेंडिंग दिसते आहे. याआधी दोनदा लिहूनही तुम्हाला उत्तर मिळालं नाही, त्याबद्दल माफ करा. असे अडकलेले पैसे पाच दिवसांत, म्हणजे १७ तारखेपर्यंत, बँकेकडून तुमच्या खात्यात परत यायला हवेत. तोवर याच ऑर्डरसाठी पुन्हा पैसे भरू नका. सामान आज हवं असेल तर नवी ऑर्डर देऊन घरपोच रोख निवडा. यूपीआय ॲपमध्ये या व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक दिसेल, तो इथे पाठवा. पिन किंवा ओटीपी कुणालाही देऊ नका, आम्हालाही नाही. १८ तारखेला सकाळी मी हे पुन्हा तपासून तुम्हाला कळवेन.’

यात माफी एकदाच आहे, आणि ती नेमक्या चुकीची आहे. पोलिसांच्या धमकीला उत्तर दिलेलं नाही, कारण माणसाला पोलीस नको आहेत, पैसे हवे आहेत. तारीख दिलेली आहे. ‘लवकरच’ हा शब्द सपोर्टमध्ये वापरूच नये, प्रत्येक ग्राहकाचं ‘लवकर’ वेगळं असतं.

एका सापळ्यापासून जपा. चाचणीत तुम्हाला कंपनीच्या नियमांचं एक पान देतात, आणि ग्राहकाची मागणी नियमाच्या किंचित बाहेर असते. वस्तू बदलून देण्याची मुदत सात दिवस, आणि ग्राहक नवव्या दिवशी आलेला. दया येऊन ‘हो, बदलून देतो’ लिहिलं की गुण गेले, कारण तो अधिकार तुमचा नाही. कोरडं ‘नाही’ लिहिलं तरी गेले. नियम सांगायचा, त्यात बसणारा दुसरा मार्ग असेल तर तो द्यायचा, आणि अपवाद करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे प्रकरण पाठवतो असं सांगायचं. पाठवणार असाल तरच.

सरावासाठी अशा दहा तक्रारी स्वतः तयार करून त्यांची उत्तरं लिहा, पाच मराठीत आणि पाच इंग्रजीत. मोठ्याने वाचा. वाचताना जिथे अडखळाल ते वाक्य तोडा. टायपिंगही सोबत होईल. नॉन-व्हॉइसच्या जागांना मिनिटाला ३० ते ३५ शब्दांचा वेग साधारणपणे मागतात आणि वेगाइतकीच अचूकता बघतात. रोज वीस मिनिटं बोटं योग्य कळांवर ठेवून सराव केला तर दीड-दोन महिन्यांत तिथवर पोचता येतं. दोन बोटांनी भराभर मारायची सवय असेल तर सुरुवातीला वेग उलट कमी होईल. तेव्हा जुन्या सवयीकडे परत जाऊ नका.

कंटेंट: मदतीचं पान

कंटेंट म्हटलं की कविता, ब्लॉग, रील असं डोळ्यांसमोर येतं. पगाराच्या जागा बऱ्याचदा वेगळ्याच असतात: ॲपच्या बटणांवरचे शब्द मराठीत आणणं, वस्तूंची वर्णनं लिहिणं, मदतीची पानं लिहिणं, पोस्ट तपासणं. मराठीचा बी.ए. झालेल्याला इथे खरोखर वाव आहे, कारण यंत्रासारखं मराठी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि वाचणाऱ्याला कळेल असं लिहिणारे थोडे.

नमुना म्हणून ORD1017 चंच पान लिहा. त्याचं शीर्षक ‘देयक अयशस्वी झाल्यास अनुसरावयाची कार्यपद्धती’ असं नको. ग्राहक जे शोधेल तेच हवं: ‘पैसे कापले, पण ऑर्डर दिसत नाही’. पहिल्या दोन ओळींत पैसे सुरक्षित आहेत की नाही आणि कधी येतील. मग काय करायचं, काय करायचं नाही, आणि पाच दिवसांनीही पैसे आले नाहीत तर कुठे जायचं. दीडशे शब्दांत हे बसतं. ‘पेमेंट’ला सगळीकडे पेमेंटच म्हणा. एका ओळीत पेमेंट, दुसरीत देयक आणि तिसरीत भरणा लिहिलं तर वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. भाषांतराच्या कामात यासाठी शब्दयादी ठेवतात. तुम्हीही तुमच्या नमुन्यासोबत पंधरा-वीस शब्दांची अशी यादी जोडा, तपासणाऱ्याचं लक्ष तिथे जातं.

टायपिंग युनिकोडमध्येच हवं. छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य अक्षरांचा होतो. आणि चाचणी म्हणून कुणी २००-३०० शब्दांचा तुकडा मागितला तर द्या. दहा लेख फुकट लिहून मागितले तर ती चाचणी नाही, काम काढून घेणं आहे.

अर्ज आणि मुलाखत

बायोडेटा एका पानाचा. वर ‘मेहनती, प्रामाणिक, संघात काम करणारा’ अशी ओळ घालू नका, ती सगळ्यांच्याच बायोडेटावर असते. तिच्या जागी तुमच्या फाइलची ओळ घाला: ५० ऑर्डर आणि ४९ पेमेंटच्या सराव-याद्या जुळवल्या, १,४५० रुपयांच्या फरकाची चार कारणं शोधली, सोबत फाइलचा दुवा. दुवा दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. गूगल शीट्सची परवानगी द्यायला विसरल्यामुळे तो न उघडणं ही नेहमीची चूक आहे. हा सराव आहे हे स्पष्ट लिहा. कंपनीचा अनुभव म्हणून दाखवलं तर पडताळणीत उघडं पडतं. एमएस-सीआयटी केलं असेल तर नोंद करा, पण चाचणीत प्रमाणपत्र न बघता सूत्र लिहायला सांगतात.

एटीकेटी बाकी असेल तर आधीच सांगा. अनेक ठिकाणी सर्व विषय सुटलेले असल्याशिवाय रुजू करून घेत नाहीत, आणि हे शेवटच्या फेरीत कळलं तर सगळा वेळ वाया जातो. अनुभव अजिबात नसेल तर केंद्र सरकारची पदवीधरांसाठीची शिकाऊ योजना पाहा. `nats.education.gov.in` वर बी.ए., बी.कॉम.वाल्यांनाही नोंदणी करता येते आणि शिकाऊ काळात विद्यावेतन मिळतं.

मुलाखतीत एक प्रश्न तुम्ही विचारायचा: प्रोसेस, म्हणजे ज्यांचं काम करायचं ते ग्राहक, कोणत्या देशाची? त्यावरून तुमचा दिवस ठरतो. ब्रिटनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात, म्हणजे शिफ्ट संपायला पहाट. हिंजवडी किंवा ऐरोलीहून पहाटे घरी कसं जाणार, गाडी दारापर्यंत आहे की ठरावीक थांब्यापर्यंत, हे रुजू होण्याआधी विचारा.

हातात किती पडणार

‘पॅकेज २ लाख ६८ हजार’ ऐकलं की माणूस बाराने भागतो आणि २२,३०० धरतो. प्रत्यक्षात काय होतं बघा. दरमहा एकूण पगार २०,००० आणि त्यात मूळ वेतन १०,००० आहे असं धरू. मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे १,२०० रुपये तुमचा पीएफ कापला जातो. एकूण पगार २१,००० च्या आत असल्यामुळे ईएसआयचे पाऊण टक्का, १५० रुपये जातात. महाराष्ट्रात व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो नाही. हातात उरतात १८,४५०, महिलेच्या १८,६५०.

मग पॅकेज २ लाख ६८ हजार कसं झालं? कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ १,२००, ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे ६५० आणि ग्रॅच्युइटीसाठी ४८१ रुपये यातच धरते. महिन्याचे २२,३३१ होतात, वर्षाचे २,६७,९७२. ही फसवणूक नाही. पीएफ तुमच्याच नावावर जमतो आणि ईएसआयमधून दवाखान्याचा खर्च निघतो. पण भाड्याची खोली १८,४५० धरून शोधा. पॅकेजमध्ये ‘व्हेरिएबल’ किंवा ‘इन्सेन्टिव्ह’ची रक्कम असेल तर तीही वेगळी काढा, ती दरमहा मिळेलच असं नाही.

नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागितले, मग ते नोंदणीचे असोत, प्रशिक्षणाचे की लॅपटॉपच्या अनामतीचे, तर तिथेच थांबा. घरबसल्या फॉर्म भरण्याचं काम देऊन नंतर ‘चुका झाल्या, करार मोडला’ म्हणून वकिलाच्या नोटिशीची भीती घालणारे पुष्कळ आहेत. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करा, `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

आणि आज संध्याकाळीच करण्यासारखं एक काम. तुमची गुणपत्रिका, आधार आणि पॅन समोर ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि शेवटी आईचं असतं. पॅनवर क्रम उलटा, आधारवर कधी वडिलांचं नाव गायब, कधी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पीएफचं खातं आधारशी जोडताना आणि कंपनीच्या पडताळणीत हाच फरक अडतो, आणि रुजू होण्याची तारीख पुढे जाते. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा निभावतं. स्पेलिंग वेगळं असेल तर अर्ज करायला लागण्याआधी आधार किंवा पॅनवरचं नाव गुणपत्रिकेप्रमाणे दुरुस्त करून घ्या. मूळ गुणपत्रिका पडताळणीला दाखवा, पण कंपनीकडे ठेवायला देऊ नका.